ओल्या हरळीवर पाय रोवताना

पुण्याबाहेर टेकडीच्या उतारावर गोल्फचं एक मैदान आहे. रविवारी सकाळी आम्ही तिघं तिथे खेळतो : मामा, त्यांची भाची आणि मी. मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. मातीच्या धरणांवर आयुष्य गेलं, त्यामुळे माती आणि पाणी यांचा विषय निघाला की त्यांना आवरणं कठीण. भाची फिजिओथेरपिस्ट. ती त्यांना मामा म्हणते म्हणून क्लबातले सगळेच त्यांना मामा म्हणतात, मीसुद्धा. आमचा तिघांचाही हँडिकॅप कुणी विचारू नये अशातला आहे.

वाद बुटांचा आहे. मामांच्या बुटांच्या तळाला प्लास्टिकचे सॉफ्ट स्पाइक आहेत, फिरवून बसवायचे आणि झिजले की बदलायचे. भाचीचे बूट स्पाइकलेस, म्हणजे तळातच घडवलेले रबराचे बारीक उंचवटे. एप्रिल-मे महिन्यांत या विषयावर आमच्यात कुणी बोलत नाही, कारण कडक वाळलेल्या जमिनीवर दोघांचेही पाय जागचे हलत नाहीत. पहिला पाऊस पडून गवत वर आलं की वाद सुरू होतो. यंदा ऑगस्टमध्ये एका सकाळी तो अठरा होल पुरला. रात्रभर भुरभुर लागून पहाटे थांबली होती, ऊन नव्हतं आणि सगळं मैदान ओलं होतं.

भाची : मामा, तुझे स्पाइक म्हणजे लोखंडी खिळ्यांच्या काळाचं शेपूट आहे. खिळे गेले, त्यांच्या जागा तेवढ्या राहिल्या. त्यात काहीतरी घालायला हवं म्हणून प्लास्टिक आलं.

मामा : अगं, ते उगाच नाही आलं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत, आयडाहो राज्यातल्या बॉइझी गावी दोघांनी ते काढलं. तिथे हिवाळ्यात मऊ पडलेल्या ग्रीनवर लोखंडी खिळ्यांनी अक्षरशः नांगरट व्हायची. पुढच्या काही वर्षांत बहुतेक क्लबांनी लोखंडी खिळ्यांवर बंदीच घातली. म्हणजे सॉफ्ट स्पाइक जन्मालाच आला तो ओल्या जमिनीसाठी.

भाची : ग्रीन वाचवायला आला. तुझे पाय वाचवायला नव्हे.

मामांना हे लागलं. मला मात्र हा मुद्दा वाजवी वाटला. सॉफ्ट स्पाइक पकडीच्या बाबतीत लोखंडी खिळ्यापेक्षा सरस म्हणून आला नाही, गवताला कमी इजा करतो म्हणून आला. लोखंडी खिळा जमिनीत घुसायचा. सॉफ्ट स्पाइकला कोळ्यासारखे पसरलेले पाय असतात, ते जमिनीत फारसे जात नाहीत. गवताच्या दाट थरात शिरतात आणि तिथेच अडकून राहतात.

भाची : आणि २०१० साली ऑगस्टाला मास्टर्समध्ये फ्रेड कपल्स काय घालून खेळला? रस्त्यावर फिरायला घालतात तसे बिनस्पाइकचे बूट, तेही मोज्यांशिवाय. वय पन्नास. पहिल्या दिवशी ६६ मारून सगळ्यांच्या पुढे होता. त्यानंतरच तर दुकानं स्पाइकलेसनी भरली.

मामा : ऑगस्टाच्या ग्रीनखाली पाणी ओढून घेणारी यंत्रणा आहे. आपल्याकडे ग्रीनखाली काय आहे ते क्लबलाही ठाऊक नाही. आणि कपल्सची फटक्याची लय बघ. तो जमिनीला ओरबाडत नाही. आपण तिघंही ओरबाडतो.

हे ओरबाडण्याचं मामांनी ओघात टाकलं, पण पुढच्या सगळ्या वादाची किल्ली त्यात होती. बूट किती धरतो हे निम्मं बुटावर असतं आणि निम्मं त्यावर उभा राहणारा जमिनीला किती जोराने ढकलतो यावर. फक्त ‘ओलं’ एवढं म्हणून भागत नाही, असं मामा पहिल्या टीवरून फेअरवेकडे चालताना सांगू लागले. पाणी कुठे आहे ते विचारा, म्हणाले.

मामा : तीन जागा आहेत. पहिली पात्यावर. दव पडतं किंवा हलकी भुरभुर होते तेव्हा पाणी पात्यावर असतं, खालची जमीन टणक असते. दुसरी, गवताच्या बुडाशी. आपली फेअरवे हरळीची आहे, तिचे धावते कोंब एकमेकांत विणले जाऊन एक जाड गादी होते. दोन-तीन दिवस पाऊस झाला की ती गादी पाणी धरते. आणि तिसरी जागा म्हणजे प्रत्यक्ष माती. पावसाळ्याच्या मध्यावर, खोलगट भागात, पाय टाकला की टाच रुतते, ती. या तिन्ही ठिकाणी बूट वेगवेगळा वागतो.

भाची : मग पहिल्या जागी मी जिंकते.

मामा : ऐकून तर घे. ओल्या गवतावर माणूस घसरतो तेव्हा बुटाचा तळ गवतावरून घसरतो असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं. तळाखाली पाती आडवी होतात. पात्याला मुळातच मेणासारखा गुळगुळीतपणा असतो, वर पाण्याचा थर. ओल्या केळीच्या पानावर दुसरं केळीचं पान ठेवून ढकलावं तसं पातं पात्यावरून सरकतं. तुझं रबर वरच्या पात्याला घट्ट धरून असतं, पण ते पातंच निघून जातं.

भाचीने लगेच वाकून बुटाने गवत दाबून पाहिलं. ती ऐकून घेणाऱ्यांतली नाही, करून बघणाऱ्यांतली आहे. मग तिने जो प्रतिवाद केला तो मला पटला.

भाची : हे गवत लांब असेल तर. फेअरवे दीड सेंटिमीटरच्या आत कापलेली असते. एवढ्या आखूड पात्यांना आडवं व्हायला जागाच कुठे आहे? माझ्या तळावरचे उंचवटे तीन-चार मिलिमीटरचे असतील, पण शंभरेक आहेत. आखूड गवतात तेवढे पुरतात. तुझे स्पाइक सहा मिलिमीटरच्या आसपास, पण मोजून सात. त्यांच्या मधला तळ तर गुळगुळीतच आहे.

मामा : आखूड कापलेली असते ती नोव्हेंबरात. आत्ता बघ की. आठवडाभर कापणीचं यंत्र फेअरवेवर उतरलेलं नाही, उतरवलं तर चाकांच्या चाऱ्या पडतील. गवत दीडऐवजी तीन सेंटिमीटर झालंय. म्हणजे फेअरवेचं अर्धं रफ झालं.

इथे दोघांचंही बरोबर होतं आणि दोघंही आपापल्या ऋतूबद्दल बोलत होते. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात निरभ्र रात्री दव पडतं, सकाळी सातला टीवर बूट चिंब होतात. पण जमीन कडक, गवत आखूड, आणि नऊपर्यंत ऊन चढलं की पाती कोरडी. त्या दिवसांत स्पाइकलेसवाल्याला काळजी पहिल्या चार-पाच होलांची. ऑगस्टमध्ये गवत लांब, गादी भिजलेली आणि वाळायला ऊन नाही. दुकानात मात्र दोन्हींसाठी एकच शब्द असतो, ‘वेट ग्रिप’.

सहाव्या होलवर प्रकरण सिद्धांतावरून प्रत्यक्षावर आलं. तिथली फेअरवे डावीकडून उजवीकडे उतरते. भाचीचा चेंडू उताराच्या मध्यावर थांबला होता, ग्रीन साधारण एकशे वीस यार्डांवर. तिच्या हातात सात नंबरचं आयर्न. उजव्या हाताने खेळणाऱ्याला अशा जागी चेंडू पायांच्या पातळीच्या खाली येतो, त्यामुळे वजन आपोआप चवड्यांवर जातं आणि दोन्ही पाय चेंडूच्या दिशेने खाली सरकू बघतात. तिने फटका मारला. क्लब चेंडूच्या आधीच जमिनीत घुसला, चिखल-गवताचा गोळा उडाला आणि चेंडू पन्नास-साठ यार्डांवर जाऊन पडला.

भाची : घाई केली मी.

मामा : थांब. पाय उचलू नकोस. आता हळूच बाजूला हो आणि खाली बघ.

मामांनी दाखवलं ते कुणीही बघून शिकावं असं आहे. उजव्या बुटाच्या जागेवर, आतल्या बाजूला, बोटभर लांबीचा सरळ चरा होता. पाती ग्रीनपासून उलट दिशेला लोळलेली. डाव्या बुटाच्या जागेवर मात्र जवळजवळ काही नव्हतं, चवड्यापाशी थोडं गवत पिळवटलेलं.

मामा : फटका खाली आणायला सुरुवात करताना तू उजव्या पायाने जमिनीला मागे रेटतेस. सगळेच रेटतात, त्यातूनच शरीर पुढे जातं. त्या क्षणी उजवा पाय मागे सरकला. शरीर पुढे जायचं ते मागेच राहिलं, म्हणून क्लबचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे आला. तुझी घाई वगैरे काही नाही, हा तळाचा दोष. डावा पाय घसरला असता तर खूण वेगळी असती. चेंडूला क्लब लागतो त्या सुमारास सगळं वजन डाव्या पायावर येतं आणि शरीर त्याच्याभोवती फिरतं. तो पाय सुटला की चवडा बाहेरच्या बाजूला गोल फिरतो आणि गवतावर कमान उमटते. सरळ चरा म्हणजे उजवा पाय, कमान म्हणजे डावा.

भाची : आणि उतार नसता तर?

मामा : उतार नसता तर कदाचित सरकलाही नसता. तू फार जोरात मारत नाहीस. सपाट जागेवर तुझे उंचवटे पुरले असते. उतारावर तुझं वजन तळाच्या पुढच्या पट्टीवर आलं, म्हणजे शंभरातले वीस-पंचवीस उंचवटे कामाला राहिले. तेही ओल्या, लांब गवतात.

ती काही बोलली नाही, पण पुढच्या फटक्याआधी तिने एक केलं. चेंडूपासून दोन पावलं बाजूला, तितक्याच उताराच्या जागेवर, पूर्ण ताकदीचा एक सराव-फटका मारला आणि मग खाली बघितलं. चरा दिसला. तिने एक नंबर मोठा क्लब घेतला आणि तीन-चतुर्थांश लांबीचा सावकाश फटका मारला. चेंडू ग्रीनच्या कडेला पोचला. माझ्या मते बूट बदलण्यापेक्षा हा उपाय स्वस्त आहे आणि कोणत्याही बुटाला चालतो. पण हे त्या वेळी बोललो असतो तर दोघंही माझ्यावर उलटले असते.

इथवर बाजू मामांची होती. ती नवव्या होलच्या टीवर पालटली. टी उंचावर, सपाट, गवत आखूड. मामांच्या लेखी पहिल्या प्रकारची ओल, म्हणजे पाणी फक्त पात्यावर. मामांनी ड्रायव्हर उचलला, जोर लावला आणि त्यांचा डावा पाय चवड्यावर फिरून अंगठा जवळजवळ लक्ष्याकडे वळला. पडले नाहीत, पण चेंडू उजवीकडच्या बाभळीत गेला. गवतावर स्वच्छ कमान उमटली होती.

भाची : मामा, बूट दाखव.

मामा : अगं, चिखल असेल.

भाची : दाखव तर.

चिखल थोडा होता. टीने तो काढल्यावर खरा प्रकार दिसला. डाव्या बुटाच्या पुढच्या भागातल्या चार स्पाइकांपैकी बाहेरच्या कडेच्या दोघांचे पाय जवळपास गेलेले. मधलं टोपण तेवढं उरलं होतं, गोल, गुळगुळीत आणि कडक. टाचेच्या बाहेरच्या बाजूचा एक स्पाइक तर तिरका झिजून एका बाजूने सपाट झाला होता.

भाची : हे कधी बदललेत?

मामा : मागच्या… नाही, त्याच्या आधीच्या पावसाळ्यात बहुधा.

भाची : म्हणजे तू प्लास्टिकच्या सात बटणांवर उभा आहेस. माझं रबर नवं आहे, निदान ते मऊ तरी आहे. झिजलेला स्पाइक नव्या स्पाइकलेसपेक्षा वाईट. तुझं कडक टोपण गवतावर दाबलं की गवत आडवंच होणार. त्याला धरायला काही उरलेलंच नाही.

या जागी भाचीचं म्हणणं मला मामांच्या सगळ्या मातीशास्त्रापेक्षा महत्त्वाचं वाटतं. दोन जाती म्हणून तुलना करताना आपण दोन्ही नवेकोरे धरतो. प्रत्यक्षात हौशी खेळाडूच्या पायात क्वचितच काही नवं असतं. सॉफ्ट स्पाइक पंधरा-वीस राउंडनंतर बदलावेत असं सर्वसाधारणपणे सांगतात. आठवड्याला एक खेळणाऱ्याला ते चार-पाच महिने झाले, म्हणजे वर्षातून दोनदा तरी बदल. आणि ते गवतावर फारसे झिजत नाहीत. झिजतात पार्किंगच्या डांबरावर, बग्गीच्या सिमेंटच्या वाटेवर, क्लबहाउसच्या पायऱ्यांवर. पावसाळ्यात बग्ग्या फेअरवेवर सोडत नाहीत, वाटेवरच ठेवायला लावतात. मग दर फटक्याला वाटेवरून चेंडूपर्यंत आणि चेंडूपासून वाटेपर्यंत चालत जा. म्हणजे ज्या महिन्यांत स्पाइक हवे असतात त्याच महिन्यांत सिमेंट त्यांना सर्वांत जास्त खातं.

झीज ओळखायला मोजपट्टी लागत नाही. बऱ्याच स्पाइकांच्या मध्यावर कंपनीची खूण उठावात असते, ती बोटाला लागेनाशी झाली की वेळ झाली. खूण नसेल तर बुटाच्या मध्यभागी, पायाच्या कमानीजवळच्या स्पाइकशी कडेच्या स्पाइकची तुलना करावी. कमानीजवळचा सगळ्यांत कमी झिजतो. कडेच्याचे पाय त्याच्या निम्म्यावर आले असतील तर सगळा संच बदलायचा. एकदोन बदलले तर नवे उंच आणि जुने बुटके, पाय सिमेंटवर डगमगतो.

भाची : आणि बदलणं काय सोपं असतं?

मामा : असतं. दोन दातांची किल्ली मिळते. स्पाइकच्या दोन भोकांत ती बसवायची, दाबून उलट दिशेने फिरवायची. हल्लीचे बहुतेक स्पाइक पाव-अर्ध्या फेऱ्यात सुटतात. नवा ठेवून घड्याळाच्या दिशेने फिरवला की खट् आवाज येतो. तिथे थांबायचं. आणखी आवळला तर बुटातला आटाच जातो.

भाची : आणि चिखल वाळून बसला असेल तर?

मामा : तर आधी भिजवायचं. साबणाचं पाणी, जुना टूथब्रश, भोकातली माती सुईने काढायची. कोरडं असताना जोर केला तर किल्लीचे दात भोकं फोडतात, मग पक्कड लागते. खरी गोची वेगळी आहे. प्रत्येक बुटाचा आटा वेगळा. दोन-तीन पद्धती आहेत, एकीचा स्पाइक दुसरीत बसत नाही. दुकानात नुसतं ‘स्पाइक द्या’ म्हणून चालत नाही, जुना एक काढून घेऊन जावं लागतं.

भाची : म्हणजे वर्षातून दोनदा हा सगळा संसार. माझ्या बुटांना यातलं काही नाही. घरातून घालून निघते, गाडी चालवते, खेळते, मिसळ खायला जाते, परत येते.

मामा : आणि त्या मिसळीच्या वाटेवर तुझे उंचवटे संपतात. माझे संपले की मी बदलतो…

भाची : दोन पावसाळ्यांनी.

मामा : बदलायला हवेत, एवढं तर खरं. तुझे संपले की बूट फेकायचा. वरचं चामडं चांगलं, शिवण चांगली, पण तळ गुळगुळीत.

इथे भाचीने व्यवसायातला मुद्दा काढला. मी तोवर बुटांच्या वादात गुडघा येईल असं धरलंच नव्हतं. तिच्याकडे येणाऱ्यांत पन्नाशीनंतर गोल्फ सुरू केलेले बरेच जण असतात, आणि तक्रार बहुधा पुढच्या, म्हणजे डाव्या गुडघ्याची.

भाची : पाय जमिनीत पक्का अडकलाय आणि धड त्याच्यावरून फिरतंय, तर तो पीळ जाणार कुठे? घोट्याला फार फिरता येत नाही. जातो गुडघ्यात, नाहीतर कंबरेत. पाय थोडा सुटला तर पीळ थोडा सुटतो. तू घसरलास ते वाईट, पण अजिबात न सुटणारा पाय हेही चांगलं नाही. विशेषतः तुझ्या वयाला.

मामा : माझं वय मध्ये आणू नकोस.

भाची : गुडघा आणतो, मी नाही. डावा पाय सरळ ठेवून उभा राहतोस तू. चवडा लक्ष्याकडे जरा उघडा ठेव, वीस-तीस अंश. मग स्पाइक कितीही धरू देत, शरीराला फिरायला जागा राहते.

मामांनी यावर वाद घातला नाही. पुढच्या टीवर त्यांचा डावा पाय उघडा होता, त्याबद्दल दोघांपैकी कुणी काही बोललं नाही.

बाराव्या होलचा खोलगट भाग म्हणजे मामांची तिसरी जागा. तिथे काळी माती आहे आणि काळ्या मातीपुढे सॉफ्ट स्पाइक काय नि स्पाइकलेस काय, दोन्ही सारखेच. दहा पावलांत मामांच्या स्पाइकांच्या पायांमध्ये माती आणि कापलेलं गवत ठासून बसलं आणि सात स्पाइकांच्या जागी सात पेढे झाले. भाचीच्या तळावरचे उंचवटे तर दिसेनासेच झाले. इथे फरक पडतो तो इतकाच की माती कशी सुटते. रुंद अंतरावरचे स्पाइक टीने दोन मिनिटांत साफ होतात, बारीक जाळीदार तळाला ब्रश लागतो. बॅगेला लटकणारा छोटा ब्रश पावसाळ्यात दोघांकडेही हवा, आणि तो फटक्याआधी वापरायचा. चिखलाचा तळ घेऊन उतारावर उभं राहण्यापेक्षा कोणताही साफ तळ बरा.

मामांचा चेंडू त्या खोलगटात होता आणि त्यांनी पाय ठेवताच बुटांभोवती पाणी वर आलं.

भाची : सुटका घे की. फुकट आहे.

मामा : नियमात बसतं?

बसतं. नुसतं उभं राहिल्यावर, पाय मुद्दाम न दाबता, पाणी डोळ्यांना दिसत असेल तर ते तात्पुरतं पाणी. चेंडू, पाय आणि फटका तिन्ही पाण्यातून सुटतील अशी सर्वांत जवळची जागा शोधायची, ती होलच्या अधिक जवळ नसावी, तिथून एका क्लबच्या लांबीत चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा. जमीन नुसती लिबलिबीत असेल आणि पाणी दिसत नसेल तर सुटका नाही. आणि दव तर नियमांनी नाव घेऊन वगळलं आहे, दव हे तात्पुरतं पाणी नाही. हौशी खेळाडू हा नियम विसरतात आणि जिथून कोणताच बूट त्यांना वाचवू शकत नाही अशा डबक्यातून मर्दुमकीने फटका मारतात.

ग्रीनवर मात्र भाचीची जीत निर्विवाद होती. भिजलेल्या ग्रीनवर मामा पाय ओढत चालतात आणि स्पाइकांच्या पायांनी गवताचे छोटे तुरे उभे राहतात. मागून येणाऱ्याचा पट त्यांच्यावरून उडत जातो. २०१९ पर्यंत असे तुरे पट मारण्याआधी दाबायला बंदी होती. चेंडू आदळून पडलेला खळगा आणि बुजवलेल्या जुन्या होलची जागा तेवढी नीट करता यायची. त्या वर्षापासून बुटांच्या खुणाही दाबता येतात. भाची प्रत्येक ग्रीनवर मामांच्या मागून पटरने ते तुरे दाबत जाते आणि मोठ्याने मोजते.

आता माझं मत, मला कुणी विचारलं नसलं तरी. पुण्यात फक्त हिवाळी दवात खेळणारा, पाऊस लागला की गोल्फ बंद ठेवणारा आणि बऱ्यापैकी सपाट मैदान असलेला माणूस स्पाइकलेसवर निश्चिंत राहू शकतो, तळ नवा असेपर्यंत. जून ते सप्टेंबर न थांबता खेळणाऱ्याला, त्यातही चालत आणि उतारावर खेळणाऱ्याला, सॉफ्ट स्पाइक हवेत, आणि जूनच्या आधी नवा संच बसवून. एकच जोड परवडत असेल आणि पावसाळ्यातही खेळायचं असेल तर मी स्पाइकचा घेईन, कारण कोरड्यात त्याचं फार बिघडत नाही, चालायला जरा कमी सुखाचा एवढंच. पण स्पाइक बदलण्याची आठवण राहणार नाही असं ज्याला स्वतःबद्दल माहीत आहे त्याने प्रामाणिकपणे स्पाइकलेस घ्यावेत. त्याच्या पायात दुसऱ्या वर्षी नाहीतरी बटणंच असणार.

मोज्यापर्यंत पाणी येणं ही वेगळी गोष्ट, ती तळाशी जोडू नये. पाणी आत शिरतं ते वरून, शिवणीतून आणि जिभेच्या कडेने. तिथे जलरोधक अस्तर लागतं, तळ कोणताही असो. आणि भिजलेला बूट गाडीच्या बंद डिकीत ठेवला तर ऑगस्टमध्ये चार दिवसांत बुरशी येते. इनसोल काढून, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवायचा, हीटरजवळ नाही, कडक उन्हातही नाही. चामडं तडकतं आणि तळ चिकटवलेला असेल तर उघडतो.

राउंड संपल्यावर मामांनी डिकीतून किल्ली काढली आणि बाकावर बसून डाव्या बुटाचे स्पाइक सोडवायला घेतले. पुढचे चार साबणाच्या पाण्याने सुटले. टाचेचा तिरका झिजलेला काही सुटेना, आणि तिसऱ्या झटक्याला त्याची दोन्ही भोकं फाटली.

भाची : पक्कड?

मामा : पक्कड लावली तर आटा जाईल.

भाची : गेला तर काय करशील?

मामा : सहा स्पाइकांवर खेळेन.

भाची : त्यापेक्षा स्पाइकलेस घे. माझ्याबरोबर दुकानात चल, मला जुलै-ऑगस्टसाठी एक स्पाइकवाला जोड बघायचाच आहे.

मामा : तू स्पाइकवाला घेणार?

भाची : दोन महिन्यांसाठी. तू घे बाकीच्या दहांसाठी.

मामांनी बूट उलटा करून पुन्हा एकदा पाहिला आणि माझ्याकडे पक्कड मागितली.